रोज आवळून पण चाळणीच्या मोटरचे बोल्ट ढिले होतायत? लॉकटाइट आणि नायलॉक नट नीट कसे लावायचे

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही फौंड्रीत जावा, वाळूच्या चाळणीपाशी एक पाना लटकवलेला दिसतोच. शिफ्ट सुरू झाली की फिटर येतो, व्हायब्रेटर मोटरचे चारी बोल्ट एकेक झटका मारून आवळतो आणि पुढं जातो. विचारलं तर म्हणतो, "दादा रोज आवळतो हो, तरी आठवड्यात एक तरी नट पडतोयच." मग कोणीतरी उद्यमनगरातनं लॉकटाइटची बाटली आणतो, बोल्टवर ओततो, दुसऱ्या दिवशी फिटर सवयीनं परत पाना मारतो, आणि पंधरा दिवसांनी सगळे म्हणतात की लॉकटाइट काय कामाचं नाही. लॉकटाइट कामाचंच आहे पण त्याच्या आधी काय करायचं आणि नंतर काय करायचं नाही हे कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. उदाहरण एकच घेतो, चाळणीवरची व्हायब्रेटर मोटर, एम १६ चे चार बोल्ट, ८.८ ग्रेड. बाकी मशीनला हेच तंत्र लागू पडतं, आकडे बदलतात.

नट ढिला का होतो ते आधी बघा

बऱ्याच जणांना वाटतं थरथरीनं नट आपोआप फिरतो. बोल्टच्या लांबीच्या दिशेनं कितीही थरथर असली तरी नीट आवळलेला नट सहसा एवढा फिरत नाही. खरा त्रास आडव्या सरकण्याचा. मोटरचा पाय आणि खालची प्लेट एकमेकांवर अगदी बारीक, डोळ्याला दिसणार पण नाही एवढं डावी-उजवीकडं सरकायला लागले की आट्यातली पकड प्रत्येक सरकण्याला क्षणभर सुटते आणि नट उतरत्या बाजूला जरासा घसरतो. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९६९ मध्ये हे प्रयोग करून दाखवलं आणि आजही नट-बोल्टची ढिलाई तपासायची टेस्ट त्याच्याच नावानं ओळखली जाते. आता हिशोब करा, १४४० आरपीएमची मोटर म्हणजे सेकंदाला २४ झटके, आठ तासांच्या शिफ्टला जवळजवळ सात लाख. प्रत्येक झटक्याला केसाएवढं पण नको, त्याच्या शंभराव्या भागाएवढं घसरलं तरी नट पडायला वेळ लागत नाही.

म्हणजे पहिलं काम सरकणं थांबवायचं, आणि ते थांबतं फक्त बोल्टच्या ताणानं. एम १६, ८.८ चा बोल्ट नीट आवळला की साधारण सात टनाच्या जोरानं पाय आणि प्लेट दाबून धरतो, त्या दाबाचं घर्षण मोटरच्या झटक्यापेक्षा जास्त असलं की काही सरकतच नाही. लॉकटाइट असो की नायलॉक, ते या ताणाची जागा घेत नाहीत. ताण आहे तोवर ते राखण करतात, ताणच नसेल तर नट जागेवर राहील पण मोटर नाचतच राहील आणि शेवटी बोल्टच तुटेल.

ताण टिकत का नाही याचं सगळ्यात मोठं कारण आपल्याकडं म्हणजे पेंट. ही गोष्ट जरा नीट समजून घ्या. बोल्ट आवळला की तो रबरासारखा लांब होतो आणि परत आखडायला बघतो, त्यालाच ताण म्हणायचं. मोटरचा पाय आणि प्लेट मिळून ४० मिमी जाडी असेल तर एम १६ बोल्ट किती लांब होतो? फक्त ०.०८ ते ०.०९ मिमी. आणि पायाखाली पेंटचा जाड थर असला तर तो एकटाच तेवढा असतो. मशीन चालू झालं, पेंट दबला, चुरा झाला, ०.०३ मिमी जरी बसला तरी ताण एक तृतीयांश गेला. नट एक डिग्री पण फिरलेला नसतो, मार्क जागेवर असतो आणि बोल्ट मात्र ढिला. याला कुठलंच लॉकटाइट काही करू शकत नाही.

मोटर काढल्यावर खूण लगेच दिसते. पायाच्या खाली, बोल्टच्या भोकाभोवती लालसर तपकिरी बारीक भुगा आणि मध्येच आरशासारखी चकचकीत जागा दिसली तर समजायचं की तिथं घासाघीस चाललीय, म्हणजे सरकणं चालू आहे. एकाच पायाखाली भुगा असला आणि बाकी तीन कोरे असले तर प्लेट वाकडी आहे किंवा तो पाय टेकतच नाही.

मोटर काढा, बसायची जागा नीट करा

आधी मेन स्विच बंद, कुलूप लावा आणि चावी स्वतःच्या खिशात. चाळणी सुरू करायचं बटण लांब कुठंतरी पॅनलवर असतं आणि तिथल्या माणसाला तुम्ही खाली हात घातलाय हे दिसत नाही. मोटर खालून लटकवलेली असली तर काढायच्या आधी तिला साखळी किंवा वायररोप बांधा, आणि तो कायमचा तसाच ठेवला तरी बरंच.

मग पायाच्या खालचा आणि प्लेटवरचा पेंट बोल्टच्या जागेभोवती पूर्ण खरवडून काढा, नट आणि वॉशर जिथं टेकतात तिथला पण. वेल्डिंगचा शिंतोडा असला तर घासून सपाट करा. मोटर नुसती ठेवा, बोल्ट न लावता, आणि चारी पायांखाली फिलर गेज घालून बघा. एका पायाखाली ०.२ मिमीची पट्टी जात असेल तर बोल्ट आवळल्यावर तो पाय वाकतो, ताण वाया जातो आणि बिडाचा पाय असल्यानं चिरतो सुद्धा. प्लेट मशीनिंग करून घ्या, नाहीतर नेमक्या जाडीची स्टीलची शिम घाला. पत्र्याचे तुकडे कापून एकावर एक चार चार रचू नका, प्रत्येक थर परत दबतो.

जमत असलं तर बोल्ट लांब वापरा आणि नटाखाली जाड नळीचा एक तुकडा घाला. ४० च्या जागी ८० मिमी झालं की बोल्ट तेवढ्याच जोराला दुप्पट ताणला जातो, मग ०.०३ मिमी बसलं तरी ताण थोडाच कमी होतो. हे स्वस्तातलं काम आहे आणि फारसं कोणी करत नाही.

स्प्रिंग वॉशर काढून टाका. तो आवळताना फार कमी जोरातच सपाट होतो, सपाट झाल्यावर नुसता कापलेला वॉशर उरतो, आणि युंकरच्या टेस्टमध्ये त्याच्यानं नट थांबत नाही. त्याच्या जागी जाड, कडक साधा वॉशर.

आधी कोरडं चालवा, मग लॉकटाइट

इथं एक पेच आहे. व्हायब्रेटर मोटर बनवणाऱ्या कंपन्या सांगतात की बसवल्यावर थोडा वेळ चालवून बोल्ट परत आवळा. आणि लॉकटाइट बनवणारे सांगतात की एकदा सुकल्यावर नट हलवू नका. दोघांचंही बरोबर आहे. म्हणून क्रम असा ठेवा, पहिल्यांदा लॉकटाइट न लावता चारी बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळा, मोटर तासभर चालवा, बंद करून कुलूप लावून परत टॉर्क रेंचनं तपासा. नट फिरला म्हणजे काहीतरी बसलं, परत आवळा, परत चालवा. रेंच क्लिक होतो आणि नट हलत नाही असं झालं की समजायचं बसायचं ते सगळं बसलं. आता एकावेळी एकच बोल्ट काढायचा, लॉकटाइट लावून आवळायचा, मग दुसरा. चारी एकदम काढले की मोटर जागेवरनं हलते आणि केलेलं सगळं फुकट.

लॉकटाइट लावायचं कसं

लॉकटाइट खरं तर एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडं सगळ्यालाच लॉकटाइट म्हणतात. हे द्रव्य अमेरिकेत १९५३ मध्ये व्हर्नन क्रीबल या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरानं काढलं. याचं वैशिष्ट्य म्हणजे हवा असेपर्यंत ते पातळच राहतं, आणि हवा बंद झाली व लोखंड किंवा तांब्याचा स्पर्श मिळाला की घट्ट होतं. बाटली विकत घेताना अर्धी रिकामी दिसते ती याचमुळं, आत हवा लागते. बाटलीचं तोंड बोल्टला टेकवू नका, लोखंडाचे कण आत गेले की सगळी बाटली हळूहळू जाड होऊन जाते.

कुठलं घ्यायचं? मोटरला मीडियम, म्हणजे लॉकटाइटचं २४३ किंवा त्या तोडीचं दुसऱ्या कंपनीचं. हे निळं असतं, थोडं तेल असलं तरी चालतं, १८० डिग्रीपर्यंत टिकतं आणि साध्या पान्यानं उघडतं. लाल, जास्त ताकदीचं उगाच घेऊ नका. ते उघडायला नट २५० डिग्रीपर्यंत तापवायला लागतो, आणि मोटरच्या पायाला गॅस लावला की आत वाइंडिंग आणि बेअरिंगचं ग्रीस आहेच. रंगावर पण सगळा भरवसा ठेवू नका, प्रत्येक कंपनीचा रंग सारखा असेलच असं नाही, बाटलीवरची ताकद आणि तारीख वाचा.

बोल्ट आणि नटाचे आटे तारेच्या ब्रशनं घासा, जुनं लॉकटाइट असलं तर पांढरट पापुद्रे निघतात ते सगळे काढा. मग अॅसिटोन किंवा चांगला क्लीनर मारून पुसा. रॉकेल आणि डिझेलनं धुऊ नका, वाळल्यासारखं दिसतं पण तेलाचा थर मागं राहतो. पावसाळ्यात आपल्याकडं बोल्टवर नुसती ओल असते, तेव्हा हॉट एअर गननं जरा गरम करून सुकवा आणि हाताला सोसेल एवढा गार झाल्यावरच लावा. हातात नायट्राइलचे ग्लोव्ह घाला, हे द्रव्य वारंवार लागून कातडीला खाज आणि अॅलर्जी धरते.

आता एक बारीक गोष्ट, इथंच जास्त चुकतं. आरपार भोक असेल तर लॉकटाइट लावून मग बोल्ट भोकात घालायचा नाही, सगळं भोकाच्या भिंतीला पुसून जातं. बोल्ट आधी घालायचा, वॉशर घालायचा, आणि दुसऱ्या बाजूला जिथं नट शेवटी येऊन बसणार तेवढ्याच आट्यांवर गोल फिरवून तीन-चार थेंब लावायचे. टोकाला लावून उपयोग नाही, नट तिथनं पुढं जातो. नट फिरवून आत आणल्यावर बाहेर जराशी निळी कड दिसली म्हणजे आटे भरले. भोक बंद असेल, म्हणजे बिडात टॅप मारलेलं, तर बोल्टवर कमी आणि भोकाच्या तळाला दोन-तीन थेंब टाका, कारण बोल्ट आत जाताना तळातली हवा वर येते आणि वरचं द्रव्य बाहेर ढकलते, तळातलं मात्र त्या हवेबरोबर आट्यात चढतं.

लावल्यावर रेंगाळू नका. चालू कामासाठी २४३ ची पकड लोखंडावर दहा मिनिटांत धरायला लागते, आणि धरल्यावर आवळलं तर ती पकड तिथंच मोडते. दोन टप्प्यात आवळा, आधी अर्धा टॉर्क आणि मग पूर्ण. ओलं लॉकटाइट आट्यात तेलासारखं काम करतं म्हणून टॉर्क हलकं तेल लावलेल्या बोल्टचाच धरा, एम १६, ८.८ ला साधारण २०० न्यूटन मीटर. मोटरच्या कागदात वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. २०० म्हणजे किती हे कळायला, अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण ४० किलो जोर. नेहमीचा छोटा पाना घेऊन मनगटानं आवळणाऱ्याचा तेवढा होत नाही, आणि पाइप घालून लटकणाऱ्याचा त्याच्या दुप्पट होतो. टॉर्क रेंच लागतोच, नसेल तर मागून आणा.

बाहेर आलेलं द्रव्य बराच वेळ ओलंच दिसेल. घाबरू नका, त्याला हवा लागतीय म्हणून ते सुकत नाही, आत झालेलं असतं. पुसून टाका. पूर्ण ताकद २४ तासांनी येते, म्हणून हे काम सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घ्या. झिंक प्लेटिंगच्या आणि स्टेनलेसच्या बोल्टवर वेळ जास्त लागतो कारण त्या पृष्ठभागाकडनं द्रव्याला सुकायला पाहिजे ती मदत कमी मिळते, तिथं त्याच कंपनीचा अॅक्टिव्हेटर आधी मारून घ्या. थंडीत सकाळी लावलेलं पण हळू धरतं.

मार्क मारा आणि पाना लांब ठेवा

पुसून झाल्यावर पेंट मार्करनं नट, वॉशर आणि प्लेट यांच्यावरनं एकच सरळ रेघ ओढा. ही रेघ बघणं हेच इथून पुढचं तपासणं. फिटरनं रोज सकाळी टॉर्च मारून बघायचं, रेघ सलग आहे का तुटलीय, आणि पायाभोवती भुगा दिसतोय का. पाना मारायचा नाही. सुकलेल्या लॉकटाइटवर नट जरासा जरी फिरला तरी आतली पकड तुकडे तुकडे होते आणि परत जुळत नाही, म्हणजे रोज झटका मारणारा फिटर रोज लॉकटाइट मोडत असतो. सगळ्या शिफ्टच्या लोकांना हे एकदा सांगा आणि मोटरजवळ पाटी पण लावा, नाहीतर रात्रपाळीचा माणूस चांगल्या मनानं येऊन आवळून जातोच.

नायलॉक कुठं वापरायचा

नायलॉक नटात वरच्या बाजूला नायलॉनची रिंग असते, तिच्यात आटे नसतात, बोल्ट घुसताना आपले आटे स्वतः तिच्यात कोरतो आणि ती बोल्टला सगळीकडनं धरून ठेवते. त्यामुळं ताण गेला तरी नट सहसा पडत नाही. पण ताण टिकवणं हे त्याचं काम नाही, सरकणं चालू असेल तर नायलॉकवर पण ताण कमी होतो, फक्त नट तिथं लटकत राहतो. म्हणून मोटरच्या मुख्य बोल्टला मी लॉकटाइट पसंत करतो आणि नायलॉक गार्ड, बेल्टचं कव्हर, जाळीची पट्टी, रबर माउंटिंग अशा ठिकाणी, जिथं वारंवार उघडायला लागतं किंवा रबर असल्यामुळं पूर्ण आवळताच येत नाही.

जाळीच्या पट्टीचा एम ८ बोल्ट घ्या. नट हातानं फिरवा, रिंगला बोल्ट टेकला की हात अडकतो, तिथनं पाना. बोल्टचं डोकं धरून नट फिरवा. रिंगच्या ओढीला जो टॉर्क जातो तो ताण देत नाही, म्हणून आधी रेंचनं बघा, नट पट्टीला टेकायच्या आधी फिरायला किती लागतं. समजा ४ न्यूटन मीटर लागले आणि तुम्हाला २२ द्यायचेत, तर रेंच २६ वर लावा. पट्टी पातळ पत्र्याची असेल तर एवढा टॉर्क देऊ नका, ती वाकते. शेवटी बोल्टचे एक-दोन आटे रिंगच्या बाहेर दिसले पाहिजेत, टोक रिंगमध्येच राहिलं तर पकड अर्धी. बोल्टच्या टोकाला बर असेल तर रिंग कापली जाते, घासून घ्या. आणि इम्पॅक्ट गननं सुसाट चढवू नका, नायलॉन गरम होऊन ढिलं पडतं, स्टेनलेस असेल तर आटेच चिकटून बसतात.

काढलेला नायलॉक परत लावायचा का हे हातानं ठरवा. रिंगमधनं नुसत्या बोटांनी फिरत असेल तर टाकून द्या. गार्डच्या नटाला परत वापरला तर चालून जाईल, पण जो नट पडला तर माणसाला लागेल तिथं प्रत्येक वेळी नवा. नायलॉकला लॉकटाइट पण लावणारे बघितलेत, दुप्पट पकड मिळेल म्हणून. तसं करू नका, ओल्या द्रव्यानं रिंग निसरडी होते आणि नक्की कशानं धरलंय ते कळत नाही. एक काहीतरी घ्या. प्लॅस्टिकच्या कव्हरजवळ तर लॉकटाइट लांबच ठेवा, पॉलिकार्बोनेट आणि एबीएस सारख्या प्लॅस्टिकला त्यानं चिरा पडतात.

फौंड्रीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उष्णता. नायलॉनची मर्यादा साधारण १२० डिग्री, आणि नॉकआउटवरनं थेट आलेली वाळू त्याच्या कितीतरी वर असू शकते. थंड वाळूच्या चाळणीला नायलॉक बिनधास्त लावा, पण नॉकआउटच्या ग्रिडजवळ लावलेला नायलॉक काढून बघा, रिंग पिवळी-तपकिरी होऊन एका बाजूला वाहिलेली दिसते. तिथं पूर्ण लोखंडी लॉक नट घ्या, ज्याचं तोंड जरा दाबून वाकडं केलेलं असतं.

आता सगळं करून पण एखाद्या बोल्टची रेघ तुटली तर? एकदा तुटली तर तो एक बोल्ट काढा, आटे साफ करा, लॉकटाइट परत लावा. त्याच बोल्टची रेघ दुसऱ्यांदा तुटली तर लॉकटाइट बदलत बसू नका, लाल पण लावू नका. तो पाय टेकत नाहीये किंवा प्लेट चिरलीय. मोटर उतरवा, प्लेटच्या वेल्डिंगच्या कडेनं रंग खरवडून बघा, तिथं बारीक काळी रेघ दिसली की आधी वेल्डिंग दुरुस्त करा, बोल्ट त्याच्यानंतर. आणि तो बोल्ट परत वापरू नका, ढिला असताना त्यानं लाखो आडवे झटके खाल्लेत, डोक्याखाली किंवा पहिल्या आट्यात चीर सुरू झालेली असू शकते. चारी बोल्ट, चारी नट नवे घ्या, बोल्टच्या डोक्यावर ८.८ आणि नटावर ८ मारलेलं बघूनच.